वेखंडाचे वेढे

बाळंतिणीच्या खोलीत एक लहानशी पिशवी असते. तिच्यात हळकुंड, जायफळ, मुरडशेंग, हिरडा, सुंठ, अतिविष, काकडशिंगी, बदाम आणि खारीक असतात, आणि या सर्वांत ज्याचा वास पिशवी उघडण्याआधीच नाकाला जाणवतो ते वेखंड असते. बाळाची अंघोळ झाली की सहाण पुढे ओढायची, आईच्या दुधाचे चार थेंब तिच्यावर टाकायचे आणि एकेक औषध त्यात उगाळायचे. हाताची एक गोल फेरी म्हणजे एक वेढा. जायफळाचे दोन वेढे, हळकुंडाचा एक, मुरडशेंगेचे चार, असा प्रत्येक घरचा हिशेब ठरलेला असतो. तो कुठे लिहिलेला नसतो. सासूकडून सुनेकडे आणि आईकडून लेकीकडे तो तोंडीच जातो.

ही गुटी बहुतेक घरांत दिली जाते. तिच्यातील सगळ्याच वस्तूंबद्दल बोलण्याचा माझा अधिकार नाही आणि तसा हेतूही नाही. प्रस्तुत लेखात मी फक्त वेखंडापुरते बोलणार आहे. त्याचे कारण असे की वेखंड गुटीच्या बाहेरही एकटे दिले जाते, आणि तेही दोन ठराविक प्रसंगी. बाळाला खोकला झाला, छाती घरघरू लागली की वेखंड उगाळून चाटवतात. आणि मूल वेळेवर बोलेना, किंवा बोबडे बोलू लागले, की वेखंड मधात उगाळून जिभेवर चोळतात. कळंबच्या बाजारात काष्ठौषधी विकणाऱ्याकडे वेखंड मागितले तर तो पहिला प्रश्न विचारतो, ‘लेकराला का?’ यावरून ही चाल किती रुळलेली आहे याची कल्पना यावी.

आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मीच पहिली. त्यामुळे घरात एखादी वस्तू चांगली की वाईट असा प्रश्न निघाला की, ‘विचार तुझ्या कॉलेजात’, असे मला सांगितले जाते. माझे विषय मराठी आणि इतिहास. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध नाही. परंतु वेखंडाचा प्रश्न आमच्या घरात खरोखरीच निघाला, आणि म्हणून विज्ञान शाखेच्या सरांना विचारून, ग्रंथालयात बसून आणि दवाखान्यातील डॉक्टरांचे ऐकून जे समजले ते येथे मांडत आहे.

वेखंड म्हणजे काय

वेखंड हे पाणथळ जागी वाढणारे, तलवारीसारख्या लांब पानांचे झुडूप. वनस्पतिशास्त्रात त्याला अकोरस कॅलॅमस म्हणतात. संस्कृतात ते वचा, हिंदीत बच, कानडीत बजे आणि तमिळमध्ये वसंबू. आपण ज्याला मूळ म्हणतो ते खरे तर मूळ नव्हे. ते जमिनीखाली आडवे वाढणारे खोड आहे, आले किंवा हळद असते तसे. वाळल्यावर त्याचे पेरापेरांचे, तपकिरी, हलके तुकडे होतात. आपल्याकडच्या कोरडवाहू रानात ते उगवत नाही. आपल्या बाजारात येते ते बाहेरून, वाळलेल्या स्थितीत.

‘वच्’ म्हणजे बोलणे हा धातू संस्कृत शिकलेल्या विद्यार्थ्यांना माहीत आहे. वचा या नावातच वाणी आहे, आणि मुलाला वाचा फुटावी म्हणून वचा द्यावी ही समजूत फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, दहाव्या अध्यायात, नवजात बालकाला चाटवण्याचे जे योग सांगितले आहेत त्यांत सुवर्णाबरोबर वचाही आहे. तेव्हा आपल्या आज्या जे करतात ते त्यांनी मनाने काढलेले नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. पण त्याच परंपरेत दुसरीही एक गोष्ट लिहिलेली आहे, आणि ती मात्र सहाणेपर्यंत पोचलेली नाही. भावमिश्राने सोळाव्या शतकात लिहिलेल्या भावप्रकाशात वचेच्या गुणांमध्ये ती वांती करवणारी आहे असे स्पष्ट सांगितले आहे. जुन्या वैद्यांना हे पक्के ठाऊक होते. म्हणूनच औषधात वापरण्यापूर्वी वचेचे शोधन करावे असे ते सांगत. म्हणजे ती गोमूत्रात आणि मग निरनिराळ्या काढ्यांत क्रमाने उकळायची. आपल्या घरी बाजारातून आणलेला तुकडा फार तर पाण्याने धुतला जातो.

वासातच विष आहे

वेखंडाचा जो उग्र वास येतो तो त्याच्यातील उडून जाणाऱ्या तेलाचा. वाळलेल्या वेखंडात हे तेल साधारणपणे शेकडा दोन ते तीन भाग असते. या तेलातील एका घटकाचे नाव बीटा-ॲसारोन. सगळा वाद या एका घटकाभोवती आहे.

गंमत अशी की जगातील सर्व वेखंडांत तो सारखा नसतो. प्रत्येक सजीवाच्या पेशीत गुणसूत्रांचे संच असतात. उत्तर अमेरिकेत वाढणाऱ्या वेखंडात ते दोन असतात, आणि त्याच्या तेलात बीटा-ॲसारोन जवळजवळ नसतेच. युरोपातील वेखंडात तीन संच असतात आणि तेलात हा घटक थोडा असतो. भारतात आणि पूर्व आशियात मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या वेखंडात चार संच असतात, आणि त्याच्या तेलाचा शेकडा सत्तर-ऐंशी किंवा त्याहूनही अधिक भाग बीटा-ॲसारोनच असतो. भारतात तीन संचांचे वेखंडही सापडते, पण बाजारातला वाळलेला तुकडा हातात घेऊन, पाहून किंवा हुंगून, तो कोणता हे कोणालाही सांगता येणार नाही. ते प्रयोगशाळेतच कळते. तेव्हा आपल्या सहाणेवरचे वेखंड जहाल जातीचे आहे असे धरून चालणेच शहाणपणाचे.

बीटा-ॲसारोनबद्दल संशय कसा आला, तेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत शास्त्रज्ञांनी जम्मूकडच्या वेखंडाचे तेल उंदरांना खाद्यातून दोन वर्षे दिले. त्याचे निष्कर्ष १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वांत कमी मात्रा होती ती किलोभर खाद्यात अर्धा ग्रॅम तेल. एवढ्यानेही उंदरांच्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात कर्करोगाच्या गाठी झाल्या. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९६८ मध्ये, अमेरिकन सरकारने खाद्यपदार्थांत वेखंड आणि वेखंडापासून केलेली कोणतीही वस्तू घालण्यास बंदी केली. युरोपात चार संचांच्या वेखंडापासून खाद्यपदार्थांची रुची तयार करण्यास कायद्याने मनाई आहे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. उंदरांना दिलेली मात्रा मोठी होती आणि ती रोज, जवळजवळ आयुष्यभर दिलेली होती. वेखंड चाटवलेल्या माणसांना त्यामुळे कर्करोग झाला असे सिद्ध झालेले नाही. म्हणून ‘वेखंड दिले की कर्करोग होतो’ असे ओरडून सांगणे खोटे ठरेल. पण जी वस्तू प्राण्यांत असे करते ती चार महिन्यांच्या बाळाला, ज्याचे यकृत अजून पुरते तयार व्हायचे आहे, रोज चाटवावी काय, हा प्रश्न उरतोच.

तांदळाच्या दाण्याइतके वेखंड

आता आपण एका बाळाचा हिशेब करून पाहू. तिसऱ्या-चौथ्या महिन्यातले पाच किलो वजनाचे बाळ घेऊ. त्याच्यासाठी उगाळलेले वेखंड तांदळाच्या एका दाण्याइतके, म्हणजे वीस मिलिग्रॅम आहे असे धरू. सहाणेवर उगाळलेली वस्तू काढ्यासारखी गाळली जात नाही. जेवढे मूळ झिजले तेवढे सगळेच बाळाच्या पोटात जाते. वीस मिलिग्रॅमात शेकडा अडीच या मानाने तेल निघाले अर्धा मिलिग्रॅम. त्याचा शेकडा ऐंशी भाग बीटा-ॲसारोन म्हणजे ०.४ मिलिग्रॅम. मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाला मायक्रोग्रॅम म्हणतात. त्या मापाने हे ४०० मायक्रोग्रॅम झाले.

युरोपातील औषध नियंत्रण संस्थेने २००५ मध्ये वनस्पतिजन्य औषधांसाठी एक मर्यादा तात्पुरती मान्य केली. ती आहे शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे २ मायक्रोग्रॅम. आपल्या बाळाचे वजन पाच किलो, म्हणून त्याच्या वाट्याला आले १० मायक्रोग्रॅम. आपण दिले ४००. म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढे वेखंड हे त्या मर्यादेच्या चाळीसपट झाले. ही मर्यादा सावधगिरीची आहे, ती ओलांडली की बाळ त्याच दिवशी आजारी पडते असा तिचा अर्थ नव्हे. पण चाळीसपट हा आकडा ‘थोडंच तर दिलंय’ या वाक्याला उत्तर म्हणून पुरेसा आहे.

दुसरा हिशेब याहून जवळचा आहे, कारण तो त्याच दिवसाचा आहे. भारत सरकारने प्रसिद्ध केलेल्या आयुर्वेदीय औषधकोशात वचेच्या चूर्णाची मात्रा ६० ते १२० मिलिग्रॅम दिली आहे, आणि ओकारी करवायची असेल तर १ ते २ ग्रॅम. जुन्या मापात सांगायचे तर औषधाची मात्रा अर्धी ते एक गुंज. आता मोठा माणूस साठ किलोचा धरला आणि नुसते त्रैराशिक मांडले, तर पाच किलोच्या बाळाला ओकारी होण्यास ८० ते १६० मिलिग्रॅम पुरतील, म्हणजे पाऊण गुंजेपासून सव्वा गुंजेपर्यंत. बाळ म्हणजे लहान केलेला मोठा माणूस नव्हे, त्यामुळे प्रत्यक्षात याहून कमीही पुरू शकते.

आता प्रश्न असा की सहाणेवर तांदळाचा एक दाणा झिजला की चार दाणे झिजले हे कोणाला कळते? आपण मोजतो ते वेढे, वजन नव्हे. सहाण नवी आणि खरखरीत असेल तर एका वेढ्यात जास्त झिजते. गुळगुळीत झालेल्या सहाणेवर कमी झिजते. तुकडा आदल्या रात्री भिजत पडला असेल तर तो मऊ होऊन भराभर उतरतो. आजीचा हात हलका असतो आणि घाईत असलेल्या मावशीचा जड. शिवाय जुन्या तुकड्यातले तेल उडून गेलेले असते आणि ताज्या तुकड्यात ते पूर्ण असते. म्हणजे ‘दोन वेढे’ ही मात्रा दिसायला ठरलेली आहे, पण तिच्यात औषधाची मात्रा आणि ओकारीची मात्रा यांच्यामधले अंतर सहज पार होते.

गुण की लक्षण?

आमच्या घरातला प्रसंग असा. माझी थोरली बहीण बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ साडेतीन महिन्यांचे असताना त्याला खोकला झाला. संध्याकाळी आजीने वेखंड उगाळून चाटवले. अर्ध्या तासात बाळाला तीनदा उलटी झाली, उलटीत चिकट कफ होता. मग बाळ मलूल होऊन झोपले आणि दुधालाही उठेना. आजी म्हणाली, ‘बघ, समदा कफ पडला. आता कसं निवांत निजलंय लेकरू.’ ताईला मात्र ती झोप बरी वाटली नाही. वडिलांनी मोटारसायकल काढली आणि रात्रीच बाळाला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी आधी बाळाच्या अंगावरचे कपडे काढले आणि घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट त्याचा श्वास मोजला. तो छपन्न भरला. बाळाला न्यूमोनिया होता. औषध लगेच सुरू झाले आणि बाळ पाच दिवसांनी बरे होऊन घरी आले.

या प्रसंगाने मला जे शिकवले ते असे, की आजी खोटे बोलत नव्हती. कफ खरोखर पडला होता, आणि बाळ खरोखर झोपले होते. चूक होती ती त्या दोन गोष्टींचा अर्थ लावण्यात. वेखंड ओकारी करवते. ओकारीबरोबर घशातला आणि पोटात गिळलेला कफ बाहेर येतो. म्हणून ते खोकल्यावरचे औषध वाटते. पण खोकल्याचे मूळ छातीत असते, आणि तिथला कफ अशा उलटीने निघत नाही. उलट, इतक्या लहान बाळाची उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, आणि अंगातले पाणी कमी होते ते वेगळेच. झोपेचेही तसेच. ॲसारोनमुळे प्राणी सुस्त होतात हे प्रयोगांत दिसले आहे. बाळाचे आजाराने थकून पडणे आणि वेखंडाने सुस्तावणे या दोन्ही गोष्टी आपण एकाच नावाने ओळखतो, ‘निवांत झोपलं’. ज्याला आपण गुण समजतो ते विषाचे लक्षण असू शकते, आणि वेखंडाबाबत हाच सर्वांत मोठा घोटाळा आहे.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नव्हे. स्वीडनमध्ये काही तरुणांनी वेखंडाने नशा होते असे ऐकून त्याचे तेल आणि मूळ घेतले. त्यांच्या तपासणीचा अहवाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. नशा राहिली बाजूला, त्यांना झाली ती ओकारी, आणि तीही तासन्‌तास न थांबणारी. धडधाकट तरुणांची ही गत होते.

तेव्हा खोकला झालेल्या बाळाचे काय पाहावे? डॉक्टरांनी ताईला जे शिकवले ते कोणालाही करता येईल. बाळ शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, छाती-पोट उघडे ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक असेल, दोन महिने ते एक वर्षापर्यंत पन्नास किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा अधिक, तर ते वेगाचे श्वसन होय आणि दवाखाना गाठला पाहिजे. श्वास घेताना बरगड्यांच्या खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ दूध ओढत नसेल किंवा उठवूनही नीट जागे होत नसेल, तर श्वास मोजण्यातही वेळ घालवू नये. आणि वेखंड चाटवल्यावर उलट्या सुरू झाल्या, तर आणखी काही पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढू नये. बाळाला कुशीवर धरावे आणि दवाखान्यात जाताना तो वेखंडाचा तुकडाही बरोबर न्यावा. डॉक्टरांपुढे ‘घरचंच काहीतरी दिलं’ असे म्हणण्यापेक्षा तुकडा दाखवणे अधिक उपयोगी पडते.

आजीने मला नंतर एक प्रश्न विचारला, आणि तो प्रत्येक घरात विचारला जाईल. ती म्हणाली, ‘तुला बी ह्याच सहाणेवर उगाळून दिलंया. तू काय मेलीस व्हय? कॉलेजात जायलीस की.’ याला उलट बोलून उत्तर देता येत नाही. पण विचार केला तर असे दिसते, की त्या सहाणेवरची जी मुले जगली तीच मोठी होऊन असे उदाहरण म्हणून उभी राहतात. जी खोकल्यात गेली ती हे सांगायला नसतात. आजीची स्वतःची सात बाळंतपणे झाली आणि चार मुले हाती लागली. उरलेली तिघे कशाने गेली हे तेव्हा कोणी पाहिले नाही. ती वेखंडाने गेली असे मी म्हणत नाही. पण वेखंडाने वाचली असेही म्हणता येत नाही, एवढेच.

वाचा आणि कान

आता दुसरा प्रसंग, उशिरा बोलण्याचा. माझ्या मते येथे नुकसान अधिक होते, आणि ते विषाने कमी आणि वाट पाहण्याने जास्त होते.

मूल बोलायला शिकते ते जिभेने नव्हे, कानाने. दोन-तीन महिन्यांचे बाळ हुंकार देते. सहा ते नऊ महिन्यांत ते बाबा, दादा अशी अक्षरे जोडू लागते. वर्षाच्या सुमारास पहिला अर्थपूर्ण शब्द येतो, आणि दोन वर्षांचे मूल ‘आई ये’, ‘पाणी दे’ अशी दोन शब्दांची जोडणी करते. यात थोडे मागेपुढे होते, आणि बरीचशी उशिरा बोलणारी मुले पुढे आपोआप बोलू लागतात. या मुलांनाच वेखंडाचे यश मिळते. दर अमावास्येला जिभेवर वेखंड चोळले, आणि सहा महिन्यांनी मूल बोलले. मग घरातले म्हणतात की वेखंडाने बोलले. चोळले नसते तरी ते बोललेच असते, हे पाहायला कोणी थांबत नाही.

पण काही मुले अशी असतात की त्यांना ऐकूच येत नाही. त्यांच्या जिभेत काहीच खोट नसते. वेखंडाने जीभ चुरचुरते, लाळ सुटते, मूल तोंड वेडेवाकडे करून आवाज काढते, आणि घरच्यांना वाटते की जीभ मोकळी होऊ लागली. आमच्या ओळखीच्या एका घरात मुलाला तीन वर्षे होईपर्यंत असेच चालले. मूल हाक मारली की बघायचे, म्हणून त्याला ऐकू येते असे सगळे समजत होते. ते बघत होते ते पायांची हालचाल, सावली, फरशीवरचा हादरा. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी मुलाच्या पाठीमागे उभे राहून टाळी वाजवली तेव्हा मुलाने मान वळवली नाही. मेंदूत भाषेची घडण ज्या पहिल्या वर्षांत सर्वांत वेगाने होते ती वर्षे निघून गेली होती. आता त्याला श्रवणयंत्र आहे, तो शब्द शिकतो आहे, परंतु दोन वर्षांपूर्वी सुरुवात झाली असती तर हे काम पुष्कळ सोपे गेले असते.

म्हणून घरी एवढे तरी पाहावे. बाळाला दिसणार नाही अशा रीतीने मागून, फुंकर किंवा हादरा न लागेल असे, डबी वाजवावी. चार-सहा महिन्यांचे बाळ आवाजाकडे मान वळवते. नऊ-दहा महिन्यांचे बाळ नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, किंवा आधी हुंकार देणारे बाळ हळूहळू गप्प होत गेले असेल, तर कानाची तपासणी करून घ्यावी. घरची ही परीक्षा मूल पास झाले तरी शंका असेल तर तपासणी टाळू नये, कारण थोडे ऐकू येणारी मुले टाळीला दाद देतात पण बोलण्यातले बारीक ध्वनी त्यांना कळत नाहीत. कानाची यंत्राने होणारी तपासणी झोपलेल्या बाळावरही करता येते. मुलाने उत्तर देण्याची गरज नसते, त्यामुळे ‘अजून लहान आहे’ ही सबब राहत नाही. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांचे पथक अंगणवाडीतील मुले वर्षातून दोनदा तपासते, आणि जन्मजात बहिरेपणा हा त्यांच्या तपासणीच्या यादीतला एक विषय आहे. पुढच्या उपचारासाठी तेथूनच मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले जाते. मुंबईत १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था तर वाचा आणि श्रवण याच कामासाठी आहे. ऐकू येत असूनही मूल बोलत नसेल, डोळ्याला डोळा देत नसेल, बोटाने वस्तू दाखवत नसेल, तर त्याची कारणे निराळी असतात आणि तीही डॉक्टरांनीच पाहायची असतात.

वेखंडाबरोबर मध दिला जातो, त्याबद्दलही एक वाक्य येथेच सांगून टाकते. वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये. त्यात कधीकधी असे जंतूंचे बीज असते की ते मोठ्यांना बाधत नाही, पण बाळाच्या आतड्यात रुजून बाळाचे स्नायू लुळे पाडते.

मग वेखंडाचे करायचे काय?

वेखंड घरातून फेकून द्यावे असे माझे म्हणणे नाही. ज्या तेलाने बाळाला ओकारी होते तेच तेल किड्यांना नकोसे होते. धान्याच्या कोठीत, लोकरी कपड्यांत आणि जुन्या पोथ्यांत वेखंडाचे तुकडे ठेवायची चाल आहे आणि ती बरोबर आहे. बाळाच्या टाळूवर वेखंडाची पूड भरतात, ती मात्र बंद केलेली बरी, कारण बारीक पूड उडून त्याच्याच नाकातोंडात जाते. मोठ्या माणसाला वैद्याने मात्रा ठरवून, शोधन केलेल्या वचेचे औषध दिले तर तो त्या दोघांचा प्रश्न आहे. पण सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज दुसरे काहीच लागत नाही, आणि त्यापुढच्या बाळालाही वेढ्यांनी मोजलेले वेखंड चाटवण्याचे कारण उरत नाही.

आमच्या घरात आजीला हे सारे पटले असे मी म्हणणार नाही. गुणसूत्रांचे संच तिला पटले नाहीत, उंदीर तर मुळीच पटले नाहीत. पटला तो गुंजेचा हिशेब. तिचे वडील सोनाराकडे कामाला होते आणि गुंज म्हणजे किती हे तिला हाताला माहीत होते. मोठ्या माणसाला अर्धी गुंज पुरते हे ऐकल्यावर तिने विचारले, ‘मग लेकराला किती?’ मी म्हटले, गुंजेचे पंचवीस भाग केले तर त्यातला एक. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘येवढं कुणाच्या हातानं उगाळून व्हतंय?’ वेखंडाविरुद्ध मी वाचलेल्या सगळ्या पानांत याहून नेमके वाक्य मला सापडले नाही.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी येत्या चार-पाच वर्षांत एखादे बाळ जन्माला येईल. कोणाची बहीण येईल, कोणाची वहिनी; काहीजण स्वतःच आईबाप होतील. त्या वेळी सहाण पुढे ओढली जाईल आणि हा प्रश्न आपल्याला विचारला जाईल. तेव्हा भांडण न करता वेखंडाचा तुकडा तेवढा कोठीत ठेवावा, घड्याळ घेऊन बाळाचा श्वास मोजावा, आणि बोलायला उशीर होत असेल तर जीभ पाहण्याआधी कान तपासून घ्यावा.